टीएमटी वापरा, पण स्लॅबमधलं लोखंड निम्मं करू नका

सिंगापूरमध्ये राहून गावी घर बांधणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो: "साधं लोखंड आता कोणी वापरत नाही. टीएमटी घ्या, दुप्पट ताकद, निम्मं लोखंड." यातली पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. तिसरं धोक्याचं आहे.

आधी टीएमटीच्या बाजूने बोलू. रोलिंग मिलमधून लालबुंद सळई बाहेर पडते, तेव्हा तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. वरची साल झटकन थंड होऊन कडक होते, गाभा मात्र गरमच राहतो. नंतर गाभ्यातली उष्णता बाहेर येते आणि सालीचा ठिसूळपणा घालवते. बाहेर कडक आणि आत लवचिक अशी ही सळई साधारण ५०० मेगापास्कल ताण झेलते, साधी गोल सळई फक्त २५०. शिवाय टीएमटीच्या अंगावरच्या पेरांमुळे काँक्रीट तिला घट्ट धरतं. सिंगापूरमध्ये आता इमारती युरोकोडनुसार डिझाइन होतात आणि तो पेरं असलेल्या, ४०० ते ६०० मेगापास्कलच्या सळ्यांसाठीच लिहिलेला आहे. गुळगुळीत साधी सळई त्यात बसतच नाही. तेव्हा टीएमटी की साधं, हा वाद संपलेला आहे. खरा प्रश्न लोखंड किती कमी करायचं हा आहे.

एक उदाहरण घ्या. ३ मीटर गाळ्याचा, दोन समोरासमोरच्या भिंतींवर टेकलेला, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब. स्वतःचं वजन, फरशी आणि माणसं-सामान धरून चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे एम २० काँक्रीट घेऊन हिशेब केला, तर एक मीटर रुंदीत साधं लोखंड सुमारे ५०६ चौरस मिलिमीटर लागतं आणि टीएमटी ५०० फक्त २५३. म्हणजे १० मिमीच्या साध्या सळ्या १५० मिमी अंतरावर, किंवा ८ मिमीच्या टीएमटी १९० मिमी अंतरावर. ताकदीपुरतं पाहिलं तर "निम्मं" खरंच आहे.

पण स्लॅब तुटू नये एवढंच पुरत नाही, तो झोळताही कामा नये. आणि इथे टीएमटीची काही मदत होत नाही. ताण दिल्यावर पोलाद किती लांबतं, हे दोन्ही सळ्यांत सारखंच असतं. सळ्या निम्म्या केल्या की रोजच्या भाराखाली प्रत्येकीवर दुप्पट ताण येतो आणि ती दुप्पट लांबते. त्यामुळे खालच्या भेगा रुंदावतात, स्लॅबला बाक येतो. घर पडत नाही, पण फरश्या तडकतात आणि वरच्या मजल्यावरच्या पातळ विटांच्या भिंतींत तिरक्या चिरा दिसू लागतात.

आपल्या स्लॅबचा गाळा सळईपर्यंतच्या खोलीच्या, म्हणजे १०० मिमीच्या, ३० पट आहे. साध्या लोखंडाने मानकाची मर्यादा जवळपास ४० पट येते, म्हणजे पास. निम्म्या टीएमटीने ती २५ पटीच्या आसपास घसरते, म्हणजे नापास. उपाय दोन: स्लॅब जाड करा किंवा लोखंड वाढवा. त्याच ८ मिमीच्या सळ्या १४० मिमी अंतरावर टाकल्या, तर मर्यादा ३० च्या वर जाते. लोखंड तरीही साध्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के कमीच लागतं. टीएमटीची खरी बचत ही. पन्नास टक्के नव्हे.

बीममध्ये चूक दुसरीकडे होते, सळईच्या जोडात. पेरांमुळे पकड वाढते, पण सळईत येणारं बळ त्याहून जास्त वाढतं. एम २० काँक्रीटमध्ये साध्या सळईला व्यासाच्या ४५ पट लांबी गाडावी लागते, टीएमटी ५०० ला ५७ पट. १६ मिमीच्या सळईला ७२५ ऐवजी ९०५ मिमी. "जोड ४५ पट" ही जुनी सवय टीएमटीवर चालवली, तर महाग सळई आपली ताकद दाखवायच्या आधीच काँक्रीटमधून सरकू शकते.

तेव्हा गावाहून व्हॉट्सअॅपवर सेंटरिंगचा फोटो आला, की सळईवरचा ब्रँड नंतर वाचा. सळ्यांवर टेप ठेवून फोटो मागवा: दोन सळ्यांमधलं अंतर आणि बीममधल्या जोडाची लांबी. ती आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगशी ताडून पाहा आणि त्यांना एकच विचारा, स्लॅबचा झोळ तपासला आहे का? "टीएमटी आहे, काळजी नको" एवढंच उत्तर आलं, तर काँक्रीट ओतणं थांबवा. ओतल्यानंतर हे दुरुस्त होत नाही.