आठ वर्षं काम केलं, पण पुरावा कुठे?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत साडेआठ वर्षं पॅकिंग मशीन चालवली. आता टॅली शिकून अकाउंट्सची नोकरी शोधतोय, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत. अजून पक्कं काही नाही. पण एक गोष्ट उशिरा कळली, ती ठेक्यावरच्या मित्रांसाठी लिहितोय.

पहिल्याच मुलाखतीत विचारलं, "आधीच्या कामाचं पत्र?" गेट एकच, मशीन तीच, पण ठेकेदार तीन झाले. जून 2016 ते मार्च 2019 पहिला, सप्टेंबर 2021 पर्यंत दुसरा, मग नोव्हेंबर 2024 पर्यंत तिसरा. पत्र एकानेही दिलं नाही आणि आम्हीही कधी मागितलं नाही. दुसऱ्याचा तर फोनच बंद.

शेवटी कामाला आला तो पीएफ. यूएएन एकच असल्याने तिन्ही ठेकेदारांची नोंद View > Service History मध्ये एकाखाली एक दिसते. त्याची प्रिंट बायोडेटाला जोडली. गोची एवढीच की दुसऱ्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. बघणाऱ्याला वाटणार, हा एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला!

ही तारीख आपल्यालाही भरता येते, Manage > Mark Exit मध्ये. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने जावे लागतात आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. तारीख मात्र शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली हवी. मी आठवणीने ऑक्टोबर टाकणार होतो. पासबुक उघडलं तर शेवटचा हप्ता सप्टेंबरचा. चुकीची तारीख जाऊ नये म्हणून आधी पासबुक बघा.

घरी बसल्यावर पैसे काढायचा मोह होतो, मलाही झाला. पण पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि माझी दीड वर्षं कमी आहेत. पेन्शनचे पैसे काढले असते तर ही साडेआठ वर्षं पुसली गेली असती. नव्या नोकरीत तोच यूएएन दिला की मोजणी पुढे चालू राहते. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्याला मी हे सांगणार नाही. ज्याला थोडं थांबता येईल त्याने थांबावं.

2020 च्या कामगार संहितेत लिहिलंय की कंत्राटी कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने अनुभव प्रमाणपत्र द्यावं. "मागितल्यास" हाच शब्द खुपतो. कामावर असताना मागितलं तर उद्या गेटवर घेतील की नाही ही भीती, आणि सुटल्यावर ठेकेदारच सापडत नाही. माझं मत, ठेका बदलतो त्याच दिवशी कंपनीने हे कागद ठेकेदाराकडून घेऊन कामगारांना द्यावेत, मगच त्याचं शेवटचं बिल काढावं. हजेरी तर कंपनीच्याच गेटवर लागते.

तुमच्याकडे कुणाला असं पत्र मिळालंय का? मिळालं असेल तर कसं मागितलं, ते खाली लिहा.