घाम फुटला असेल, तर बोटच टोचा!

‘डॉक्टर, बोटाऐवजी हातावर टोचून साखर तपासली तर चालेल का?’ बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न अनेकदा येतो आणि तो रास्त आहे. बोटाच्या टोकाला स्पर्शाच्या नसांची दाटी असते, त्यामुळे तिथे टोचलेले जास्त दुखते. इन्सुलिन घेणाऱ्याला दिवसातून तीन-चार वेळा तपासणी करावी लागते. शिवणकाम करणारा, तबला वाजवणारा किंवा भाजी निवडणारी बाई यांना दुखरे बोट घेऊन काम करणे नकोसे होते. कोपर ते मनगट या भागात मात्र टोचलेले जेमतेम जाणवते. बऱ्याच ग्लुकोमीटरना आता रक्ताचा अगदी छोटा थेंब पुरतो, त्यामुळे तिथून तपासणी करणे शक्यही झाले आहे.

माझे उत्तर असे असते : चालेल, पण साखर स्थिर असतानाच. साखर वेगाने वर-खाली होत असेल, तेव्हा हातावरचा आकडा जुना असतो. यंत्र विकताना ‘वेदनारहित तपासणी’ एवढेच सांगितले जाते आणि ही दुसरी बाजू माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत राहते. ते मला पटत नाही, कारण साखर धोकादायकरीत्या खाली जात असतानाच हा फरक सर्वांत मोठा असतो.

असे का होते? बोटांच्या टोकांशी शरीराने रक्ताची खास सोय केली आहे. तिथे लहान रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या आडवाटा असतात आणि त्यांतून भरपूर रक्त वेगाने खेळते. हाताच्या त्वचेत हा प्रवाह कितीतरी संथ असतो. धरणातून आवर्तन सुटले की मुख्य कालव्यालगतच्या शेताला पाणी लगेच मिळते; शेवटच्या चारीवरचा शेतकरी मात्र वाट पाहत बसतो. बोट हे कालव्यालगतचे शेत आहे आणि हात शेवटच्या चारीवरचे. पाणी कित्येक दिवस सारखेच वाहत असेल, तर दोन्ही शेतांत फरक दिसत नाही. उपाशीपोटी किंवा जेवणापूर्वी बोट आणि हात यांचे आकडे बहुधा जुळतात, ते याचमुळे.

जर्मनीतील युंगहाइम आणि कोशिन्स्की या संशोधकांनी २००१ आणि २००२ मध्ये हा प्रश्न प्रयोगाने तपासला. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची साखर आधी वाढवून मग इन्सुलिनने वेगाने उतरवली आणि त्या काळात बोट व हात दोन्हीकडचे रक्त पुन:पुन्हा तपासले. हात बोटाच्या मागे राहिला, आणि तोही साधारण अर्धा तास.

अर्धा तास म्हणजे किती, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. छप्पन्न वर्षांचे एक शिंपीकाका संध्याकाळी साडेसातला इन्सुलिन घेतात. तेवढ्यात पाहुणे येतात आणि जेवण अर्धवट राहते. साडेआठला त्यांची साखर १२० आहे आणि ती मिनिटाला २ मिलिग्रॅम या वेगाने उतरते आहे. नऊ वाजता घाम सुटतो, हात थरथरतात. बोट टोचले तर यंत्र ६० दाखवेल. ७० च्या खाली म्हणजे साखर कमी झाली. पण काका सवयीने हातावर टोचतात. हात साडेआठची स्थिती सांगतो : १२०. ‘साखर तर उत्तम आहे, थकवा असेल,’ असे म्हणून ते आडवे होतात. इन्सुलिनचा परिणाम अजून चालूच आहे. रात्री साखर आणखी खाली गेली, तर झोपेतच बेशुद्धी येऊ शकते.

समजा, काकूंनी यंत्राऐवजी लक्षणांवर विश्वास ठेवला आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. हे योग्यच केले. नियम असा की पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. सव्वानऊला बोटावर ८५-९० आले असते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. पण हातावर दिसतात ९०, म्हणजे पावणेनऊचे. मघाशी १२० होते, आता ९०! साडेनऊला हात नऊची स्थिती दाखवतो : ६०. साखर खाऊनही आकडा उतरतोच आहे, असे वाटून घर घाबरते. मग आणखी साखर, वर पेढा, केळे. अकरा वाजता साखर अडीचशेच्या पुढे. प्रत्यक्षात फरक इतका काटेकोर अर्ध्या तासाचा नसतो. तो व्यक्तीगणिक, वेळेगणिक बदलतो. म्हणूनच ‘हातावरच्या आकड्यातून अमुक वजा करू’ असा हिशेब मांडता येत नाही.

साखर चढतानाही असेच होते. पुरणपोळी खाल्ल्यावर तासाभराने हातावरचा आकडा बोटापेक्षा बराच कमी असू शकतो आणि ‘आपल्याला पुरणपोळी चालते’ असा समज होतो.

हात गरम होईपर्यंत चोळून मग टोचले, तर रक्तप्रवाह वाढतो आणि फरक कमी होतो. पण तो पूर्ण जाईल याची खात्री नसते. चोळणे चांगले, त्यावर विसंबणे नाही.

तळव्याचे काय? अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तिथला रक्तप्रवाह बोटासारखाच जोमदार असतो. त्यामुळे तिथले आकडे बोटाच्या बरेच जवळ राहतात. ज्यांची बोटे टोचून टोचून जाड झाली आहेत, त्यांना मी हातापेक्षा तळवा सुचवतो. मात्र आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकात तळव्याची परवानगी आहे का, ते आधी पाहावे. शिरा, तीळ टाळावेत. आणि शंकेच्या वेळी तळवाही नको, बोटच.

म्हणून वेळा लक्षात ठेवा. सकाळी उपाशीपोटी, जेवणापूर्वी किंवा जेवण, इन्सुलिन, व्यायाम यांना दोन तास उलटून गेल्यावर हात चालेल. जेवणानंतर दोन तासांच्या आत, इन्सुलिन घेतल्यावर, चालून आल्यावर, ताप-उलट्या असताना, गाडी चालवण्यापूर्वी आणि साखर कमी झाल्याची शंका आली तर फक्त बोट. ज्यांना साखर उतरल्याची लक्षणेच जाणवत नाहीत, त्यांनी हाताचा मार्ग सोडूनच द्यावा. लक्षणे आणि हातावरचा आकडा जुळत नसतील, तर लक्षणे खरी मानावीत.

बोटाचे दुखणे कमी करता येते. टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, रोज बोट बदला, टोचणीची खोली पुरेल इतकीच ठेवा, बोथट झालेली सुई पुन:पुन्हा वापरू नका. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. आंब्याचा रस लागलेले बोट आकडा खोटाच वाढवते.

आणखी एक विनंती. साखरेच्या वहीत आकड्यापुढे वेळ लिहिता, तशी जागाही लिहा : बोट, तळवा की हात. त्या वहीवरूनच आम्ही इन्सुलिनचे युनिट वाढवतो किंवा कमी करतो. जेवणानंतर तासाभराने हातावर घेतलेले १६० आणि बोटावरचे १६० हे आमच्यासाठी एकच नसतात.