ध्येयवाक्यात शेळ्या कुठं बसतात?

या वेळची नोंद पिकाची नाही, एका वाक्याची आहे.

आमच्या कोरडवाहू पट्ट्यात पाणलोटाचं काम करणारी एक संस्था आहे. काम चांगलं आहे, नाव लिहीत नाही. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर ध्येयवाक्य लावलंय: "शाश्वत व समावेशक विकासाच्या माध्यमातून वंचित घटकांचे सर्वांगीण सक्षमीकरण करणे व लोकसहभागातून स्वावलंबी ग्रामसमाज उभा करणे." ते साध्या भाषेत लिहायचं ठरलं आणि पाणलोट समितीतल्या आम्हा चौघांनाही बसवलं.

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते शिवणक्लासच्या दारावर लावा, पतसंस्थेच्या लावा, दवाखान्याच्या लावा, सगळीकडं चालतंय. म्हणजे त्यात या संस्थेचं स्वतःचं काहीच नाही.

आम्ही एकेक शब्द धरला आणि विचारत गेलो, हे डोळ्यानं कुठं दिसतं? "सक्षमीकरण" म्हणजे गेल्या मंगळवारी काय केलं? मॅडम म्हणाल्या, डोंगरावर चर आखले. मग तेच लिहा की! दोन फूट रुंद, एक फूट खोल, समपातळीत खणलेला चर कुणालाही दाखवता येतो. सक्षमीकरण दाखवता येत नाही.

"लोकसहभाग" वर जास्त वेळ गेला. सभेच्या हजेरीपटावर सही केली तरी तो लोकसहभाग आणि कुदळ मारली तरी लोकसहभाग. आमच्याकडं सहा दिवसांच्या कामात पाच दिवसांची मजुरी आणि एक दिवस श्रमदान असा ठराव आहे. तो तसाच लिहिला तर उद्या कुणीही विचारू शकतो, बाबांनो, श्रमदान झालं का?

एक खबरदारी मात्र घ्यावी लागली. अवघड दिसला म्हणून प्रत्येक शब्द काढायचा नसतो. "पाणलोट" ठेवला, तो गावात सगळ्यांना कळतो. "अल्पभूधारक" पण ठेवला, कारण त्याला माप आहे. दोन हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन. आठ-अ चा उतारा काढला की कळतं कोण आत आणि कोण बाहेर. "वंचित" चा उतारा कुठल्या तलाठ्याकडं मिळतो?

पहिला खर्डा असा झाला: "आम्ही तालुक्यातल्या कोरडवाहू गावांत डोंगरावर चर खणतो आणि ओढ्यावर बांध घालतो, म्हणजे अल्पभूधारकांच्या विहिरींना जास्त दिवस पाणी राहील. सहा दिवसांतला एक दिवस गाव श्रमदान करतं."

वाचून दाखवल्यावर समितीतल्या एक मावशी म्हणाल्या, "यात मी कुठं?" त्यांना जमीन नाही, सात शेळ्या आहेत. चर खणले, रोपं लावली की डोंगरावर चराईबंदी येते. पाणी वाढतं ते खालच्या अंगाला, ज्याची विहीर आहे त्याचं. मावशींना खणायची मजुरी मिळते ती काम चालू असेतोवर, आणि त्यांचं कुरण मात्र काही वर्षं बंद. जुन्या वाक्यात त्या "वंचित घटक" म्हणून आत होत्या, कुणाला काही खटकलं नाही. साधं लिहिल्यावर त्या बाहेर आहेत हे सगळ्यांना दिसलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा उपयोग इथंच आहे. मोठा शब्द सगळ्यांना पोटात घेतो, त्यामुळं कोण राहिलं ते कळत नाही.

कार्यकर्त्यांची भीती वेगळी होती. देणगीदार कंपन्यांच्या फॉर्मात हेच शब्द लागतात. असू द्या, फॉर्म त्यांच्या भाषेत भरा. पण खाली चर किती मीटर आणि विहिरी किती, ते लिहाच. दुसरी शंका धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवलेल्या उद्देशांची. ते उद्देश संस्थेच्या घटनेत असतात, मुद्दाम ऐसपैस लिहिलेले असतात आणि बदलायचे तर रीतसर प्रक्रिया करावी लागते. त्यांना आम्ही हातच लावला नाही. भिंतीवरचं वाक्य म्हणजे घटना नव्हे, ते संस्थेनं आपल्या बैठकीत बदललं तरी पुरतं.

मावशींसाठी काय लिहायचं यावर भांडण झालं. एकानं सुचवलं, "भूमिहीनांचाही विचार करतो" असं घाला. मी विरोध केला. विचार करतो म्हणजे परत तेच, न दिसणारं. शेवटी असं वाक्य निघालं: "डोंगर एकदम बंद करत नाही. एक भाग चराईला मोकळा ठेवतो आणि बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांना देतो."

पण हे अजून घडत नव्हतं, मग भिंतीवर लिहायचं कसं? म्हणून फळा रंगवायला दिलेला नाही. गवताच्या हक्काचा ठराव येत्या ग्रामसभेपुढं ठेवलाय. पास झाला तर ते वाक्य जाईल, नाही तर त्याच्याविना जाईल. मावशींना हे तोंडावर सांगितलंय.