गृहपाठाचा कोपरा : सोळा घरांचं गणित

दोस्तांनो, वाटाण्याचा चौकोन आखताना गाडी बहुतेक वेळा युग्मकांपाशी अडते.

आधी एकसंकर बघू. गोल दाण्याची Rr × Rr ही जोडी घ्या. युग्मकात जोडीतलं एकच अक्षर जातं, R किंवा r. ही दोन वर लिहा, दोन डावीकडे. चार घरांत RR, Rr, Rr, rr येतील. R प्रभावी, म्हणून तीन गोल, एक सुरकुतलेला. झालं ३:१!

आता द्विसंकर, RrYy × RrYy. Y पिवळा, y हिरवा. इथे पुष्कळ जण Rr आणि Yy अशी युग्मकं लिहितात आणि फसतात. दोन्ही जोड्यांतलं एकेक अक्षर हवंच, म्हणून युग्मकं चार: RY, Ry, rY, ry. घरं सोळा. मोजा बरं! गोल-पिवळे ९, गोल-हिरवे ३, सुरकुतलेले-पिवळे ३, सुरकुतलेले-हिरवे १.

ताळा असा करा. रंग विसरून नुसता आकार मोजा. गोल १२, सुरकुतलेले ४, म्हणजे पुन्हा ३:१. जुळलं नाही, तर एखादं युग्मक चुकलंय.

मेंडेलला ५५६ दाण्यांत याच क्रमाने ३१५, १०८, १०१ आणि ३२ मिळाले. अगदी नेमकं ९:३:३:१ नाही, कारण गुणोत्तर शक्यता सांगतं, दाणे मोजून देत नाही!