हर्षलची अर्धी फेरी

अमेरिकेत चाळिशीकडे झुकलेल्या आमच्या मित्रमंडळींत हल्ली ‘युरेनस अपोझिशन’चा विषय निघतो. युरेनस म्हणजे आपला हर्षल. 1781 मध्ये विल्यम हर्शेलने शोधलेला. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला 84 वर्षं लागतात. म्हणून साधारण बेचाळिशीत तो आपल्या जन्मवेळच्या जागेच्या बरोबर समोर येतो. पाश्चात्त्य ज्योतिषी हा काळ जुनी चौकट मोडण्याचा मानतात.

पण बेचाळीस ही फक्त सरासरी. कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे हर्षलचा वेग बदलतो. 1950 मध्ये जन्मलेल्यांना हा योग चाळिशीच्या आसपासच आला. 1985 च्या जानेवारीत जन्मलेल्यांना तो 2029 च्या सुमारास, चव्वेचाळिशीत येईल. शिवाय वक्री होऊन ग्रह बहुधा तीनदा त्याच जागेवरून जातो, त्यामुळे योग महिनोन्‌महिने रेंगाळतो.

मला खटकतं ते इथेच. माझा योग यायचाय, पण तो माझ्या अख्ख्या वर्गाला जवळपास एकदमच येणार. त्यात कोणी नोकरी सोडेल, कोणी काहीच करणार नाही. कुंडलीतलं स्थान वेगळं असतं, असं ज्योतिषी सांगतात. पण एवढ्या लांब काळात प्रत्येकाच्या घरी काहीतरी घडतंच, आणि मागाहून तेच ‘वळण’ ठरतं.

त्या वयात गावाकडे आई-वडील थकतात, इथे मुलं हायस्कुलात जातात, ग्रीन कार्ड अडकलेलं असतं. परतायचं की नाही, हा प्रश्न त्यातून येतो. हर्षलच्या निमित्ताने तो घरात जरूर बोला; राजीनाम्याची तारीख मात्र त्याला विचारून ठरवू नका.