साडेनऊचा जुगार

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतली शाळा सीबीएसईची, शेजारच्या बोईसरमधल्या बहुतेक शाळा राज्य मंडळाच्या. दहावीनंतर दोन्हीकडची मुले अकरावीसाठी एकाच रांगेत. पण २०१० ते २०१७ या काळात त्यांना मोजायच्या पट्ट्या वेगळ्या होत्या, आणि सीबीएसईच्या पट्टीला मी आजही गणित मानायला तयार नाही.

त्या काळात सीबीएसई गुण छापत नसे, श्रेणी छापे. ९१ ते १०० म्हणजे ए-वन, १० श्रेणीगुण. ८१ ते ९० म्हणजे ए-टू, ९ श्रेणीगुण. पाच विषयांची सरासरी काढायची आणि टक्के हवे असतील तर तिला साडेनऊने गुणायचे. हा साडेनऊ आला कुठून? आधीच्या काही वर्षांत ९१ ते १०० मिळवणाऱ्यांची सरासरी ९५च्या आसपास होती, ती दहाने भागली, झाले सूत्र! एका गटाची सरासरी त्यातल्या प्रत्येकाच्या कपाळी मारली.

आता हिशेब करा. पाचही विषयांत ९१ मिळवणाऱ्याचे ९५ टक्के झाले. पाचही विषयांत ९० मिळवणाऱ्याचे साडेपंच्याऐंशी. खरा फरक एका टक्क्याचा, कागदावरचा साडेनऊ टक्क्यांचा. आणि शंभरपैकी शंभर आणणाराही ९५वरच अडकला.

खरी मेख पुढे आहे. उत्तरपत्रिका माणूस तपासतो. राज्य मंडळात परीक्षकाच्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो. हात सतत आखडता किंवा सतत सैल असेल तर तो यात सापडतो. पण एखाद्या निबंधाला एक गुण कमी पडला, तर तो कोणताही नियामक पकडू शकत नाही, कारण निबंधाचा एक गुण कमी-जास्त होणे हा तपासणाऱ्याच्या नजरेचा भाग आहे, आणि नियामक प्रत्येक पेपर तपासतही नाही. ही चूक कायम राहणारच. प्रश्न एवढाच, की पुढे तिचे काय होते?

राज्य मंडळाच्या मुलाचा एका विषयात एक गुण गेला, तर पाचशेपैकी एक गुण, म्हणजे ०.२ टक्के गेले. सीबीएसईच्या मुलाचे ९१ चे ९० झाले, तर त्या विषयातला एक श्रेणीगुण गेला, सरासरी ०.२ने उतरली आणि टक्के १.९ने घसरले. परीक्षकाची तीच चूक, शिक्षा साडेनऊ पट! उलट त्याचे ८९ चे ९० झाले असते, तर काहीच बदलले नसते. याला मूल्यमापन म्हणायचे की जुगार?

श्रेणीमुळे मुलांवरचा ताण कमी होतो, हे मला मान्य आहे. मग श्रेणी श्रेणीच राहू द्या! गुण पुसून टाकायचे आणि पुन्हा टक्के काढायचे, ही शुद्ध लबाडी आहे. सीबीएसईने स्वतः या टक्क्यांना सूचक म्हटले होते. प्रवेशाचे आणि नोकरीचे अर्ज छापणाऱ्यांनी ते अंतिम मानले. त्या वर्षांची गुणपत्रिका पुढे आली की टक्क्यांचा रकाना रिकामा ठेवू द्या, श्रेणी तशीच लिहू द्या. एवढेही जमत नसेल, तर निदान गुणवत्ता यादी हा शब्द वापरू नका.