ओवाळणीचं ताट आणि हक्कसोडपत्र

ताई, भाऊबीजेसाठी तुला चार ओळी लिहायला बसलो. ‘तू आईसारखी पाठीशी उभी राहिलीस, तुझे उपकार फिटणार नाहीत’ असं लिहिलं आणि पुढे हात चालेना. उपकार फिटणार नाहीत हे खरं, पण तुझी जमीन तर परत करता येईल. ती मी परत केली नाही. म्हणून हे पत्र तुझ्यासोबत माझ्यासारख्या सगळ्या भावांनीही वाचावं.

1991 ला तुझं लग्न झालं. दोन वर्षांनी मी लातूरला शिकायला गेलो आणि दर महिन्याला तुझी शंभर रुपयांची मनीऑर्डर येऊ लागली. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर तुझं अक्षर असायचं : ‘मेसचे भर. आईला पत्र टाक.’ ब्लाउजची शिलाई तेव्हा दहा रुपये होती. म्हणजे माझ्या एका महिन्यासाठी तू रात्री दहा ब्लाउज शिवत होतीस. हे तू घरात कुणाला सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही.

2011 ला आपले वडील, दादा, गेले. मागे सहा एकर वडिलोपार्जित जमीन. वारस तिघं : आई, तू आणि मी. तलाठ्याने वारस नोंद घेतली, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर पहिल्यांदा तुझं नाव लागलं. तुझ्या वाट्याला दोन एकर येत होते. 1994 ला राज्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं, तू त्यांतलीच. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. कायदा तुझ्या दारापर्यंत आला होता. त्याला मागे फिरवलं ते आम्ही.

कसं, तेही लिहितो. कुणी दमदाटी केली नाही. चुलते म्हणाले, ‘पोरीनं वाटा घेतला की माहेर तुटतं.’ मामा म्हणाले, ‘ती काय मागणार आहे?’ आणि मी गप्प बसलो. वर्षभराच्या आत आपण दुय्यम निबंधक कार्यालयात होतो. तुझा फोटो घेतला, अंगठा घेतला, दोन ओळखदारांनी सह्या केल्या. मुद्रांक शुल्क किरकोळ होतं, कारण बहिणीने भावाला फुकट हक्क सोडावा याची सोय सरकारनेही करून ठेवली आहे. दस्तात लिहिलं होतं की माझ्या लग्नात माहेरच्यांनी भरपूर खर्च केला असून मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय हक्क सोडत आहे. हा मजकूर तू सांगितला नव्हतास, वाचलाही नव्हतास. दस्तलेखकाकडे तो तयारच असतो, फक्त नाव आणि गट नंबर बदलतात. त्या दिवशी परतताना मी तुला उसाचा रस पाजला. त्या वर्षी भाऊबीजेला ताटात पाचशे एक रुपये आणि साडी ठेवली, आणि भावकीत माझं कौतुक झालं.

याला मी लूट म्हणतो. जिला ‘नको’ म्हटलं तरच माहेर उघडं राहतं, तिच्या होकाराला राजीखुशी म्हणायचं कशाच्या जोरावर? जी बहीण वाटा मागते तिला गावात हावरट म्हणतात. जो भाऊ तिचा वाटा ठेवून घेतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. आईवडिलांना आम्ही सांभाळलं, कर्ज आम्ही फेडलं, असं भाऊ सांगतात. काही ठिकाणी ते खरंही असतं. मग हिशेब मांडा, फेडलेलं कर्ज वजा करा आणि उरलेल्याचं वाटप करा. हिशेब न मांडता अख्खा वाटा ठेवून घेणं हे त्याचं उत्तर नव्हे. मुलीच्या लग्नाचा खर्च हा तिचा वाटा मानणाऱ्यांनी मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या वाट्यातून कापल्याचं मी कुठे पाहिलं नाही. आपल्या घरात तर त्या शिक्षणाचा काही भाग तूच भरलास.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजी फिरवता येत नाही. फसवणूक झाली म्हणून ते रद्द करायचं तर कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि भावावर दावा लावायला कोण बहीण उठते? म्हणून परत करण्याचं काम ज्याने घेतलं त्याचंच आहे. वकिलांना भेटलो. दोन एकरांचं बक्षीसपत्र मी तुझ्या नावे करू शकतो. घेताना शुल्क किरकोळ होतं. देताना ते जमिनीच्या सरकारी मूल्यावर टक्क्यांनी भरायचं आहे. ते मी भरणार आहे. विहिरीकडचा तुकडा मोजून घेतला, कारण पाण्याशिवायची जमीन देऊन मला पुन्हा तसंच वागायचं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिला विचारलंस का, की याही वेळी तूच ठरवलंस?’ ताई, म्हणून विचारतो. हो म्हणालीस तर भाऊबीजेनंतरच्या सोमवारी तालुक्याला ये. आधार कार्ड आण, दोन फोटो आण. दस्ताचा मसुदा आधी तुझ्याकडे पाठवतो. नीट वाच, आणि जे पटणार नाही ते खोड.